संकलकाचे निवेदनपत्र : अनेक चित्रफितींतून एकीची निवड

मागील घटकात आपण नोकरीसाठीच्या अर्जाचे स्वरूप पाहिले. अर्जाला जाहिरातीचा, पदाचा आणि पात्रतेचा आधार असतो. प्रस्तुत घटकात ज्या पत्राचा विचार करावयाचा आहे त्याला असा कोणताही आधार नसतो. जाहिरात निघालेली नाही, पद रिक्त असल्याची खात्री नाही, आणि पत्र वाचणाऱ्या व्यक्तीने ते मागितलेलेही नाही. अशा स्थितीत एक व्हिडिओ संकलक जाहिरातसंस्थेतील क्रिएटिव्ह डायरेक्टरला आपल्या कामाचा दुवा पाठवते. दृक्-श्राव्य माध्यमांच्या क्षेत्रात काम मिळवण्याचा हा नित्याचा मार्ग असल्यामुळे व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात त्याला स्थान द्यावयास हवे.

विवेचनासाठी आपण एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एक संकलक सहा वर्षे प्रामुख्याने लग्नसमारंभांच्या चित्रफिती संकलित करीत आहे. अधूनमधून तिने एका सराफी दुकानाची ३० सेकंदांची जाहिरात आणि तांब्याची भांडी विकणाऱ्या एका दुकानासाठी ९० सेकंदांचा लघुपट केला आहे. तिला आता लग्नाच्या कामातून बाहेर पडावयाचे आहे. मुंबईतील एका संस्थेने सहकारी बँकेसाठी केलेल्या मराठी जाहिराती तिने पाहिल्या आहेत. त्यांत अभिनेते नाहीत, खरे खातेदार आपल्या घरात बसून बोलतात. त्या जाहिरातींच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरचा ई-मेल पत्ता तिला परिचितांकडून मिळाला आहे. तिने लिहिलेला पहिला मसुदा असा होता :

‘आदरणीय मॅडम, मी एक मेहनती व सर्जनशील व्हिडिओ एडिटर असून मला सहा वर्षांचा अनुभव आहे. मी सर्व प्रकारची कामे करते. सोबत माझ्या संपूर्ण कामाचा दुवा जोडत आहे. कृपया सर्व व्हिडिओ पाहून आपला बहुमोल अभिप्राय कळवावा व मला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.’

भाषेच्या दृष्टीने या मसुद्यात ढोबळ चूक नाही. तरीही तो निरुपयोगी आहे. दुव्यावर २२ चित्रफिती आहेत. त्यांपैकी कोणती पाहावी हे ठरविण्याचे काम पत्रलेखिकेने वाचणाऱ्या व्यक्तीवर सोपविले आहे, आणि दोन बैठकांच्या मध्ये फोनवर पत्र उघडणारी व्यक्ती ते करीत नाही. ती वरची पहिली चित्रफीत उघडते, दहा-पंधरा सेकंद पाहते आणि बंद करते. इथे वरची पहिली चित्रफीत लग्नाची होती. म्हणजे ज्या कामातून तिला बाहेर पडावयाचे होते, नेमके तेच काम तिची ओळख ठरले असते. यापेक्षाही गंभीर बाब अशी की, संकलन म्हणजे मुळात निवड. चार तासांच्या चित्रीकरणातून दीड मिनिट वेगळे काढणे हा जिचा व्यवसाय, तिनेच स्वतःच्या कामातून निवड केली नाही, ही गोष्ट अनुभवी वाचकाच्या ध्यानात येतेच.

निवड कशी करावी?

या संकलकापुढे तीन पर्याय होते. पहिला, सराफी दुकानाची जाहिरात. ती दिसावयास सर्वांत देखणी होती. परंतु तिचे देखणेपण प्रकाशयोजनेत आणि छायाचित्रणात होते. चित्रे आधीच ठरवून घेतलेली, क्रमही आधीच ठरलेला. संकलकाने त्यात थोडेच केले होते.

दुसरा पर्याय होता तिच्या उत्तम दृश्यांची संगीताच्या ठेक्यावर बांधलेली दीड मिनिटाची झलक. व्यवसायात तिला ‘शोरील’ म्हणतात. शोरील निरर्थक नसते. संकलकाला लय कळते की नाही, हे त्यातून दिसते. परंतु दर सेकंदाला दृश्य बदलत असताना त्यापुढचे प्रश्न अनुत्तरित राहतात. बोलणाऱ्या माणसाचे कोणते वाक्य ठेवले आणि कोणते गाळले, कुठे थांबले, कुठे कापावयाचा मोह आवरला, हे शोरीलमधून कळू शकत नाही. शिवाय या शोरीलमधील बरीच दृश्ये लग्नांतील होती आणि त्या कुटुंबांची परवानगी घेतलेली नव्हती. आपल्याकडे हा मुद्दा फारसा कोणी मनावर घेत नाही. घ्यावयास हवा.

तिसरा पर्याय तांब्याच्या भांड्यांवरील लघुपटाचा. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथील कारागीर तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देऊन भांडे घडवतात. पृष्ठभागावर उमटणाऱ्या ठोक्यांच्या त्या ओळींच्या कामाला मठारकाम म्हणतात. लघुपटात एक वयस्क कारागीर आपल्या कामाविषयी बोलतो. मूळ चित्रीकरण ३ तास ४० मिनिटांचे होते, कॅमेरा साधा होता आणि काही दृश्यांत प्रकाश अपुरा होता. म्हणूनच तिला हा लघुपट पुढे करण्याचा संकोच वाटत होता. पण बँकेच्या जाहिरातींत जी अडचण संकलकापुढे येत असणार, तीच येथे तिने सोडविली होती. अभिनयाची सवय नसलेला माणूस लांबण लावून, अडखळत बोलतो. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत थोडक्यात बसवावयाचे आणि तरी त्याचा स्वभाव पुसू द्यावयाचा नाही, ही ती अडचण.

त्यात एक जागा विशेष आहे. ३८व्या सेकंदाला कारागीर म्हणतो की, मुलांनी हा व्यवसाय घेतला नाही. मग तो गप्प बसतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर सुमारे चार सेकंद राहतो. त्यानंतर, चेहरा दिसत असतानाच, हातोडीचा ठोका ऐकू येतो आणि क्षणभराने कार्यशाळेचे दृश्य येते. पुढच्या दृश्याचा ध्वनी चित्राच्या आधी आणण्याच्या या रीतीला ‘जे-कट’ म्हणतात. टाइमलाइनवर ध्वनीची पट्टी चित्राच्या पट्टीपेक्षा डावीकडे पुढे सरकलेली दिसते आणि तो आकार इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असतो, म्हणून हे नाव. दुकानदाराने या जागी पार्श्वसंगीत मागितले होते. तिने संगीतासह आणि संगीताविना अशा दोन्ही आवृत्त्या दाखविल्या, आणि दुकानदाराने दुसरी स्वीकारली.

सुधारित पत्र

निवड झाल्यावर पत्र लिहिणे तुलनेने सोपे झाले.

‘विषय : तांबट कारागिरावरील ९० सेकंदांचा लघुपट – संकलनाचा नमुना

सप्रेम नमस्कार.

सहकारी बँकेच्या आपल्या जाहिरातींत खातेदार बोलता बोलता थांबतात आणि ते थांबणे आपण ठेवले आहे. ते पाहून हे पत्र लिहीत आहे. मी पुण्यात व्हिडिओ संकलक म्हणून काम करते.

सोबत एकाच लघुपटाचा दुवा देत आहे. तांबट आळीतील एक कारागीर त्यात स्वतःच्या शब्दांत बोलतो. वेळ कमी असल्यास ०:३८ ते ०:५२ एवढा भाग पाहावा, आवाज सुरू ठेवून. मूळ चित्रीकरण ३ तास ४० मिनिटांचे होते. संकलन आणि ध्वनीची मांडणी माझी आहे. छायाचित्रण व रंगसंस्करण अन्य सहकाऱ्यांचे असून त्यांची नावे शेवटी दिली आहेत.

बोलत्या माणसांच्या चित्रफितींचे काम असल्यास मला विचारात घ्यावे. इतर कामाचा दुवा स्वाक्षरीखाली आहे.’

‘मेहनती’, ‘सर्जनशील’ ही विशेषणे या पत्रातून गेली, हे आपल्या लक्षात आले असेल. त्यांच्या जागी तपासून पाहता येईल अशी माहिती आली. पहिले वाक्य स्तुतीचे वाटते, पण ते निरीक्षण आहे. त्या जाहिराती लक्षपूर्वक पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही. ‘आवाज सुरू ठेवून’ हे तीन शब्द अत्यावश्यक आहेत. फोनवर पुष्कळदा चित्रफीत आवाज बंद ठेवून पाहिली जाते, आणि येथे तर सारी करामत ध्वनीत आहे. ज्या गुणाकडे लक्ष वेधावयाचे तो वाचणाऱ्याला दिसेल अशी व्यवस्था पत्रानेच करावी लागते.

श्रेयाचे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. लघुपट तर सुंदर आहे, मग आपल्या वाट्याचे काम एवढे काटेकोर सांगून ते लहान का करावे? कारण हे क्षेत्र लहान आहे. रंगसंस्करण करणारी व्यक्ती त्याच संस्थेत काम करीत असण्याची शक्यता असते, आणि एक खोटा दावा उघडकीस आला की बाकीचे खरे दावेही संशयास्पद ठरतात. दुकानदाराची लेखी परवानगीही तिने पत्र पाठविण्यापूर्वी घेतली. लघुपट प्रसिद्ध झाला नसता, तर तो दाखविण्याचा अधिकार तिला परवानगीविना नव्हताच.

दुवा उघडतो का?

उत्तम पत्र वाया जाण्याचे सर्वांत सामान्य कारण भाषिक नाही. दुवा उघडत नाही, हे ते कारण. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलची मर्यादा बदलली नाही, तर समोरच्या व्यक्तीला ‘Request access’ असा फलक दिसतो. परवानगी मागण्याइतका वेळ कोणी देत नाही. तेथे ‘Anyone with the link’ हा पर्याय निवडावा लागतो. यूट्यूबवर ‘Private’ ठेवलेली चित्रफीत निमंत्रित खात्यांनाच दिसते. ज्याच्याकडे दुवा आहे त्याला दिसावी, पण शोधात सापडू नये, यासाठी ‘Unlisted’ हा पर्याय आहे. पाठविणाऱ्याला यातली चूक दिसत नाही, कारण तो स्वतःच्या खात्यातून पाहत असतो. म्हणून ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, खात्यात प्रवेश न करता, तोच दुवा एकदा आपल्या आणि एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा. व्हिमिओवर पासवर्ड लावला असेल तर तो दुव्याच्या लगेच खाली लिहावा, वेगळ्या पत्रात नव्हे. यूट्यूबच्या दुव्याला पुढीलप्रमाणे जोड दिल्यास चित्रफीत थेट ३८व्या सेकंदापासून सुरू होते :

```
?t=38
```

दुव्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल, तर `&t=38` असे लिहावे. चित्रफीतच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे फाइल आकुंचित होते आणि अपुऱ्या प्रकाशातील दृश्ये अधिकच पुसट दिसतात.

उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी त्याच पत्राखाली दोन ओळींचे स्मरणपत्र पाठविणे शिष्टसंमत आहे. त्यात नवा दुवा जोडू नये. निवड बदलली, तर पहिल्या पत्रातील निवडीला अर्थ उरत नाही. त्यानंतरही उत्तर आले नाही, तर ते काम त्यांना आवडले नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या वेळी काम नसणे हेही कारण असू शकते. पुढच्या वेळी त्याच व्यक्तीला लिहावयाचे, ते दाखविण्याजोगे नवे काम हाती आल्यावर.

सराव : लग्नाच्या चित्रफितीतील एक भाग असा आहे की, वधूचे वडील भाषण करताना मध्येच थांबतात आणि मंडपातील पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. कुटुंबाची परवानगी मिळाली आहे असे समजून, हाच भाग निवडीचा केंद्र ठेवून, सुमारे १०० शब्दांचे निवेदनपत्र लिहा. पत्रात एकही स्तुतिपर विशेषण वापरू नका.