समईच्या उजेडातला भगवा

पहाटेची काकड आरती समईच्या उजेडात चित्रित केली, की पडद्यावर चेहरे आणि खांद्यावरची भगवी पताका एकाच नारंगी रंगात बुडालेली दिसतात. तेलाच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे 1900 केल्विन असते. त्या प्रकाशात लाल भरपूर, निळा मात्र नावापुरता. अनेक कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स 2500 केल्विनच्या खाली उतरतच नाही, त्यामुळे उरलेली दुरुस्ती संपादनात करावी लागते.

ती करताना आधार घ्यायचा तो वारकऱ्याच्या पांढऱ्या टोपीचा. टोपी शुभ्र होईपर्यंत निळा वाढवला, तर सावल्यांत निळे दाणे उसळतात आणि चेहरे राखाडी पडतात. टोपी सायीच्या रंगाची दिसू लागली की थांबावे.

यानंतर व्हेक्टरस्कोप पाहावा. या आलेखात त्वचेचा रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या ठरावीक रेषेजवळ येतो. भगवाही जवळपास त्याच दिशेला, पण केंद्रापासून बराच दूर पडतो. म्हणजे दोघांत मुख्य फरक गडदपणाचा. म्हणून क्वालिफायरने फक्त गडद नारंगी भाग निवडावा, हात-चेहरे मास्कने वगळावेत आणि पताकेचा गडदपणा थोडा उतरवावा. कापडाच्या चुण्या पुन्हा दिसू लागल्या, की प्रमाण जमले.

चित्रीकरणातच लाल चॅनल कमाल मर्यादेला टेकून सपाट झाला असेल, तर मात्र त्या चुण्या परत येत नाहीत. त्यामुळे चित्रीकरण करतानाच लाल चॅनलवर नजर ठेवून एक्स्पोजर ठरवावे, आणि शक्य असल्यास रॉ फाइल घ्यावी.