उंबराच्या पोटातली गोष्ट

ये गं, बैस. शाळेच्या आवारातल्या उंबराखाली वर्ग भरवायचा म्हणतेस? मग तारीख वेळापत्रकाला विचारू नकोस, उंबराला विचार.

का, ते ऐक. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. तिळाएवढी मादी केंबरी फळाच्या तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेनं आत घुसते. घुसताना तिचे पंख गळतात. सोबत आणलेला पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढं बिनपंखी नर आधी फुलांतून बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात आणि फळाला भोक पाडतात. त्या वाटेनं लेकी पराग घेऊन उडतात. एका झाडावरच्या एका बहराची फळं साधारण एकदमच तयार होतात, म्हणून त्यांना बहुधा दुसरं उंबर शोधावं लागतं. आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं!

म्हणून आधीचे काही दिवस रोज झाडाकडे बघ. फळं मऊ पडू लागली, पण बहुतेकांना अजून भोकं दिसत नाहीत, तो आठवडा तुझा. उशीर झाला तर केंबरं उडालेली असतात. मग आत मुंग्या नि अळ्या सापडतात आणि पोरं म्हणतात, ‘फळ किडलंय.’

आदल्या दिवशी एकटी जाऊन वर बघ. आग्या मोहोळ किंवा वाळकी फांदी असली, तर जागाच बदल. बुंध्याची ढोली आणि पाचोळा काठीनं तपास. माशी चावली की कुणाला त्रास होतो, हे पालकांना विचारून ठेव. मुलांच्या पायात बूट हवेत, ढोलीत हात घालायचा नाही. सुरी फक्त तुझ्या हातात. केंबरं माणसाला चावत नाहीत, हेही सांग, नाहीतर पळापळ होईल.

सकाळी पाच-पाच जणांचे गट कर. प्रत्येक गटाला एक बिनभोकाचं आणि एक भोकाचं फळ दे. आधी बाहेरून चित्र, मग तू उभं कापून दे, मग भिंगातून आतलं चित्र. दोन-तीन बिनभोकाची फळं बरणीत ठेवून वर मलमल बांध. रात्रीतून केंबरं निघाली तर उत्तमच. नाही निघाली, तर फळ कच्चं होतं की रिकामं, हे कापून पाहा. शेवटी सगळ्यांचे हात साबणानं धुवून घे.

दुसऱ्या दिवशी वहीत दोन रकाने आखायला लाव: ‘पाहिलं’ आणि ‘वाटलं’. ‘फळाला भोक आहे’ हे पहिल्यात. ‘ते नरानं पाडलं’ हे दुसऱ्यात, कारण पाडताना कुणी पाहिलेलं नाही. मग विचार, दुसऱ्या रकान्यातलं वाक्य पहिल्यात न्यायचं तर काय करावं लागेल? कुणीतरी म्हणेल, ‘बाई, बिनभोकाच्या फळाजवळ पहाटेपासून बसावं लागेल.’ पुढचा पाठ तोच ठेव.