बुलेटच्या डाव्या बाजूचं ऑइल

जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या मालकाला ‘ऑइल कधी बदललं?’ असं विचारलं, तर त्याने आधी ‘कुठलं?’ असं विचारायला हवं. या गाडीत ऑइलची तीन घरं आहेत. इंजिनचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन झाकणाऱ्या केसचं तिसरं. 2008 नंतर आलेल्या यूसीई इंजिनांत तिन्ही एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे नव्या गाडीवरून जुन्या गाडीवर आलेला माणस हमखास एकाच घरात ऑइल ओततो आणि बाकीची दोन विसरतो. गिअरबॉक्स निदान आवाज करून आठवण देतो. क्लच केस मात्र गप्प बसते आणि तिचं दुखणं भलत्याच ठिकाणी दिसतं.

या केसमध्ये इंजिनच्या क्रँकवरच्या चक्रापासून क्लचपर्यंत जाणारी दुहेरी चेन असते. तिच्या खाली ताण देणारी पट्टी, क्लचच्या प्लेटा आणि क्रँकच्या टोकाला वीज तयार करणारा अल्टरनेटर, एवढी मंडळी एकाच तेलात. इंजिनला दोन लिटरच्या वर ऑइल लागतं, इथे चारशे-सव्वाचारशे मिलिलिटर पुरतं. पण खरा फरक मापाचा नाही. इंजिनमध्ये पंप ऑइल दाबाने फिरवतो आणि ते फिल्टरमधून गाळलं जातं. इथे पंप नाही आणि फिल्टरही नाही. चेन खालच्या बाजूला तेलात बुडते आणि फिरताना तेल वर उडवते, एवढीच व्यवस्था. म्हणून इथे लेव्हलला फार किंमत आहे. कमी असेल तर चेन कोरडी चालते, जास्त असेल तर क्लच तेलात पोहत राहतो.

इंजिन ऑइलला मुख्य झुंज द्यावी लागते ती ज्वलनातून येणाऱ्या काजळीशी आणि आम्लांशी. त्यासाठी त्यात मळ धुऊन तो तरंगत ठेवणारी रसायनं घातलेली असतात. थोड्याच दिवसांत ऑइल काळं पडतं ते याच कारणाने, आणि ते काळं पडणं चांगलंच. क्लच केसमध्ये जळत काहीच नाही. तिथला मळ म्हणजे प्लेटांच्या अस्तराचा चुरा, चेनचा बारीक लोखंडी कीस आणि गाडी गार झाल्यावर आत धरणारा ओलावा. लोखंडी कीस तर अल्टरनेटरच्या लोहचुंबकाला जाऊन चिकटतो. झाकण काढलं की रोटरवर करडी लव आलेली दिसते.

आता अडचण अशी की या तेलाला दोन उलटी कामं एकाच वेळी करायची असतात. चेनच्या दुव्यांमध्ये घर्षण कमी करायचं आणि क्लचच्या प्लेटांमध्ये मात्र ते टिकवायचं. मोटारींच्या बऱ्याच इंजिन ऑइलांत पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण आणखी कमी करणारी रसायनं असतात. इंजिनला ती मानवतात, ओल्या क्लचला मानवत नाहीत. त्यासाठीच 1990च्या दशकाअखेरीस जपानी जासो प्रमाणपत्र आलं. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असेल तर ते ऑइल क्लचच्या पकडीसाठी तपासलेलं असतं; ‘एमबी’ म्हणजे कमी घर्षणाचं, ते इथे नको.

कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे इंजिनचंच 20डब्ल्यू50 इथेही घालणारे पुष्कळ आहेत आणि एमए प्रतीचं असेल तर चालतंही. माझं मत विचाराल तर ते या कामाला जरा जाडच पडतं. थंडीच्या सकाळी प्लेटा एकमेकींना धरून बसतात, क्लच दाबूनही पहिला गिअर ठक्क करून पडतो. म्हणून बरेच जुने मेस्त्री इथे एटीएफ घालतात, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींचं तेल. ते पातळ असतं आणि मुळात तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांसाठीच बनवलेलं असतं. उरलेलं गिअरबॉक्सचं ईपी90 मात्र इथे ओतू नये. गिअर ऑइलच्या नव्वदचा आकडा इंजिन ऑइलच्या मापपट्टीवरचा नाही, त्यामुळे ते इंजिन ऑइलच्या दुप्पट घट्ट असतं असं नाही. पण दातांवरचा भार सोसण्यासाठी त्यात जी रसायनं असतात ती प्लेटांच्या अस्तराला पचत नाहीत.

एटीएफचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. ते बहुधा लाल असतं. इंजिनच्या काळ्या आणि गिअरबॉक्सच्या उग्र वासाच्या तेलात ते लगेच ओळखू येतं, आणि या गाडीत एका घरातलं तेल दुसऱ्या घरात शिरणं हा नेहमीचा आजार आहे.

समजा, रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही. क्लच स्लिप होतोय हे उघड. मेस्त्री स्प्रिंगखाली वायसर घालून ताण वाढवतो. लिव्हर जड होतो, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. याआधी एक तपासणी फुकटात होते. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावायची, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं आणि केसवरचा लेव्हलचा स्क्रू काढायचा. लेव्हल बरोबर असेल तर तेलाचे चार थेंब येऊन थांबतात. कुणी तेल ओतलेलं नसताना धार लागली, म्हणजे ते कुठून तरी आत आलंय. धारेचा रंग काळा असेल तर इंजिनकडचं. गंधकासारखा वास असेल तर क्लचच्या दांडीच्या बाजूने गिअरबॉक्समधलं. दुधाळ दिसलं तर पाणी.

काळं असेल तर संशय क्रँकवरच्या चक्रामागच्या ऑइल सीलवर घ्यावा. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमध्ये हवा दाबली जाते. ती ब्रीदरमधून बाहेर जायला हवी. ब्रीदरच्या टोकाची रबरी चोच कडक होऊन चिकटली असेल, तर दाब सीलवाटे वाट काढतो आणि सोबत ऑइल केसमध्ये ढकलतो. तेव्हा नुसतं सील बदलून भागत नाही, चोचही बदलावी लागते.

कामाला वेळ लागतो. डावं फूटरेस्ट आणि ब्रेकचा पाय बाजूला करून केसच्या मधोमध असलेली एकच मोठी नट सोडायची. खाली परात ठेवावी, कारण बऱ्याच गाड्यांत ड्रेनचा बूच नाही आणि झाकण सुटलं की तेल तिथूनच येतं. मग अल्टरनेटर, चेन आणि क्लच एकदम उतरवायचे, तेव्हा कुठे सील हाती लागतं. तेलकट प्लेटा पेट्रोलने धुता येतात. अस्तर चकचकीत झालं असेल तर बदलाव्याच. अल्टरनेटर परत बसवताना रोटर आणि बाहेरच्या गुंडाळ्यांत सगळीकडून सारखी, साधारण 0.2 मिलिमीटर फट ठेवावी, नाहीतर चुंबक गुंडाळ्यांना घासतो. झाकणाची रबरी कडी नवी घालावी आणि ती नट मात्र जोर लावून आवळू नये. गळती थांबवायला म्हणून ती पिळली की ॲल्युमिनियमचं झाकण वाकतं आणि गळती वाढते. या गाड्यांची अर्धी ठिबक या आवळण्यातूनच आलेली असते.

नवं एटीएफ लेव्हलच्या स्क्रूपर्यंत भरावं. पाचेकशे किलोमीटर फिरल्यावर तो स्क्रू पुन्हा काढून बघावा. थेंब लाल आणि लेव्हल तीच असेल तर काम झालं. रंग काळवंडला पण लेव्हल हलली नसेल तर तो नव्या अस्तराचा चुरा, काळजीचं कारण नाही. दोन्ही बदलले असतील तर आधी ब्रीदर फुंकून बघावा, झाकण त्यानंतर उघडावं.