फेऱ्यांचा आकडा आणि प्रत्यक्ष बल

यकृतपेशींच्या लगद्यातून तंतुकणिका विलग करू इच्छिणाऱ्याने यंत्रावरील मिनिटागणिक फेऱ्यांच्या आकड्यावर विसंबू नये. कारण तळाशी साका बसविणारे बल फेऱ्यांच्या वर्गाबरोबर आणि अक्षापासूनच्या अंतराबरोबर वाढते, व ते अंतर रोटरागणिक निराळे असते. हिशेबाचे सूत्र असे:

RCF = 1.118 × 10⁻⁵ × r × rpm²

येथे r ही सेंटिमीटरमधील त्रिज्या. १०,००० फेऱ्यांना १० सेंमी त्रिज्येच्या रोटरात गुरुत्वाच्या ११,१८० पट बल लाभते, तर ७ सेंमीच्या रोटरात अवघे ७,८२६ पट. अशा वेळी काही तंतुकणिका वरच्या द्रवात राहून पुढील मायक्रोसोमांच्या साक्यात शिरतात, आणि तेथे सक्सिनेट डिहायड्रोजनेजची क्रिया आढळली की ही भेसळ उघड होते. १० सेंमीच्याच रोटरात केंद्रकांसाठी ६०० पट बल हवे, म्हणजे सुमारे २,३०० फेऱ्या. तंतुकणिकांसाठी १०,००० पट, म्हणजे सुमारे ९,४६०.

साका बसवावयाचा तर तिरप्या नळ्यांचा रोटर घ्यावा, कारण त्यात कणांना अल्प अंतर कापावे लागते. घनतेच्या थरांवर विलगीकरण करावयाचे तर झुलत्या नळ्यांचा. नोंदवहीत मात्र बल, अवधी, आणि त्रिज्या कमाल धरली की सरासरी, हे अवश्य लिहावे.