पुन्हा चाचणी, पण कधी?

समजा, नऊ वर्षांच्या मुलीची वेक्सलर बुद्धिमापन चाचणी झाली आणि दोनच महिन्यांत दुसऱ्या ठिकाणी तीच पुन्हा घेतली. बुद्ध्यांक 6 गुणांनी वाढला. ही प्रगती मानायची का? उपचाचण्यांचे गुण वेगवेगळे पाहा. शब्दार्थाचे जवळपास तेवढेच आहेत. लाल-पांढरे ठोकळे जुळवून नक्षी करण्याचे मात्र वाढले. नक्षी कशी फोडायची हे तिला पहिल्याच वेळी उमगलं होतं, म्हणून आता वेळ वाचला. हा सरावाचा परिणाम. तो ओसरायला किमान एक, शक्यतो दोन वर्षं जाऊ द्यावीत. त्याआधी फेरतपासणी लागलीच, तर वेगळी चाचणी निवडतात. म्हणून पालकांनी आधीचा अहवाल मानसतज्ज्ञांना आवर्जून दाखवावा.