गुडघ्यासाठी घेतलेली गोळी किडनीला कशी भोवते

"दादा, मागच्या वेळी दिलेली गुडघ्याची गोळी द्या. सासूबाईंना तिच्यानं बरं वाटतं."

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. बहुतेक वेळा हातात पडते ती अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. कधी डायक्लोफेनॅक, कधी आयबुप्रोफेन. अशा गोळ्यांना खरं तर चिठ्ठी लागते, पण चिठ्ठी कुणी मागत नाही. यांपैकी कुठलीच गोळी वाईट नाही. धडधाकट तरुणानं पाय मुरगळल्यावर दोन-तीन दिवस घेतली, तर त्याच्या किडनीला सहसा काही होत नाही. ती कोण घेतंय, सोबत दुसरं काय घेतंय आणि त्या दिवशी अंगात पाणी किती आहे, यावर सगळं ठरतं.

या सासूबाईंचंच उदाहरण पुढे नेऊ. अशा रुग्णांच्या बाबतीत जे नेहमी घडतं, त्यावरून ते रचलेलं आहे. वय 67. रक्तदाबासाठी रोज सकाळी एक गोळी. तिच्यात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, अशी दोन्ही आहेत. वर्षभरापूर्वी क्रिएटिनिन 1.1 आलं होतं. लॅबच्या कागदावर ते 'नॉर्मल'च्या रकान्यात किंवा काठावर दिसतं, म्हणून कुणी पुढे पाहिलं नाही. पण वय आणि लिंग धरून हिशेब केला, तर 25 वर्षांच्या मुलाचं 1.1 म्हणजे किडनीचं काम साधारण 95 आणि 67 वर्षांच्या बाईचं तेच 1.1 म्हणजे साधारण 55. या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. वयस्कर माणसात स्नायू कमी असतात, त्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि किडनी थकलेली असली तरी कागदावर आकडा सभ्य दिसतो. म्हणजे सासूबाईंच्या किडनीकडे हाताशी राखीव बळ फारसं नव्हतंच.

किडनीच्या आत रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गुंडाळ्या असतात. प्रत्येक गुंडाळीत रक्त एका नळीनं येतं आणि दुसरीनं बाहेर जातं. ठिबक सिंचनाच्या फिल्टरसारखंच हे आहे: आत पुरेसा दाब असेल तरच पाणी गाळलं जातं. अंगातलं पाणी कमी झालं, की किडनी दोन उपाय करते. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करून आत येणारी नळी मोठी करते आणि बाहेर जाणारी नळी आवळते. त्यामुळे रक्त कमी असलं तरी आतला दाब टिकतो.

आता सासूबाईंच्या गोळ्या पाहा. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड ही सगळी औषधं गुडघ्यातली प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, म्हणून दुखणं थांबतं. पण ती रक्तावाटे सगळीकडे जातात, किडनीतलीही कमी करतात आणि आत येणारी नळी आवळली जाते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं. एरवी ते किडनीच्या हिताचंच असतं, म्हणूनच मधुमेह्यांना मुद्दाम देतात. तिसरं औषध लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून रक्ताचं आकारमानच घटवतं. येणारं रक्त कमी, आत शिरायची वाट अरुंद, बाहेर पडायची वाट मोकळी. दाब राहणार कुठून?

तरीही महिनाभर काही झालं नाही. सासूबाई गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. मग मेमध्ये एका लग्नात जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी जुलाब लागले. अंग दुखतंय म्हणून दुखण्याची गोळी चालू, बीपीची गोळी चालू, पाणी मात्र पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी लघवी दिवसभरात एकदाच झाली, तीही थोडी आणि गडद. पाठीत किंवा कमरेत काहीही दुखलं नाही. लोकांची इथेच फसगत होते. किडनी खराब झाली म्हणजे कंबर दुखेल असं त्यांना वाटतं. या प्रकारात कंबर बहुधा दुखतच नाही. दिसतं ते एवढंच: लघवी कमी, मळमळ, गुंगी, पुढे पायांवर सूज. दवाखान्यात नेलं तेव्हा क्रिएटिनिन 3.4 होतं. दुखण्याची गोळी बंद झाली, बीपीची काही दिवस थांबवली, सलाइन दिलं आणि दोन आठवड्यांत आकडा 1.3 वर आला. 1.1 वर नाही. अशा झटक्यानंतर किडनी बहुधा सावरते, पण प्रत्येक वेळी पूर्वीइतकी भरून येतेच असं नाही. शिवाय पुढचा झटका तिला आणखी कमी बळावर सोसावा लागतो.

हेच त्रैराशिक दुसऱ्या ठिकाणी, बीपीच्या गोळीविनाही जमतं. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांचा दिवस आठवा. पहाटेपासून वाकून तोडणी, मोळ्या डोक्यावर, फडात सावली नाही, प्यायला पाणी बेताचं. बायका तर आडोसा नाही म्हणून पाणी पिणंच टाळतात. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून कंबर धरली तरी गोळी खाऊन काम उरकायचं. घामानं कोरड्या पडलेल्या शरीरात रोजची डायक्लोफेनॅक म्हणजे नळी आवळण्यासाठी सगळ्यात वाईट वेळ निवडणं आहे. या माणसांना नुसतं 'गोळी घेऊ नका' सांगणं मला अन्यायाचं वाटतं. फडावर पाणी, सावली आणि आजारपणात सुट्टी मिळाली, तर त्यांची गोळी आपोआप कमी होईल.

गोळीला घाबरलेली माणसं मग पुडीकडे वळतात. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' असं सांगून बाजारात, बसस्टँडजवळ, ओळखीच्या ओळखीतून सांधेदुखीची चूर्णं आणि बिनलेबलच्या काळ्या गोळ्या विकल्या जातात. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर लोक हरखतात. मला तिथेच शंका येते. वनस्पतीचं औषध इतक्या झटपट क्वचितच काम करतं. अशा पुड्यांमध्ये डायक्लोफेनॅक किंवा स्टेरॉइड कुटून मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. म्हणजे सासूबाईंनी गोळी सोडली असं घरच्यांना वाटतं, प्रत्यक्षात तीच गोळी, किती ते न कळता, पोटात जात असते. चेहरा गोल होणं, साखर अचानक वाढणं, पुडी थांबवताच दुखणं दुपटीनं परतणं, यावरून स्टेरॉइडचा संशय घ्यावा.

दुसरा धोका पाऱ्याचा. भस्म आणि रसकल्प यांत पारा, शिसं यांसारखे धातू असू शकतात. शास्त्रात त्यांच्या शुद्धीची लांबलचक प्रक्रिया सांगितली आहे. पण हातातली पुडी त्या प्रक्रियेतून गेली आहे की नाही, हे ना विकणाऱ्याला ठाऊक असतं, ना घेणाऱ्याला. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण तपासून 2022 साली निष्कर्ष मांडले. या आजारात किडनीची गाळणी फाटल्यासारखी होऊन लघवीतून प्रथिन वाहून जातं. त्यातले बरेच जण पारंपरिक औषधं घेत होते आणि औषधांमध्ये पारा सापडला. औषध थांबवल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. घरी ओळखायची खूण म्हणजे लघवीला येणारा दाट फेस, जो पाणी ओतल्यावरही लवकर जिरत नाही, आणि सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज.

काही वनस्पती तर स्वतःच विषारी असतात. आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसंद म्हणून ओळखली जाणारी वेल अॅरिस्टोलोकिया कुळातली आहे. त्या कुळातलं आम्ल किडनी कायमची सुकवतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. ब्रुसेल्समध्ये 1990 च्या सुमाराला बारीक होण्याच्या गोळ्यांत चुकून अशीच एक चिनी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक तरुण स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. कोकण-गोव्यात अंगणात असणारी बिलिंबी आमटीत घातली तर चालते, पण कोलेस्टेरॉलसाठी तिचा कच्चा रस पेलाभर प्यायलात तर त्यातलं ऑक्झलेट किडनीत खडे होऊन साचतं. केरळमध्ये असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

मग दुखणाऱ्या गुडघ्याचं करायचं काय?

पहिली गोळी पॅरासिटामॉल. 500 किंवा 650 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, आणि वयस्करांनी दिवसभरात एकूण 3 ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल, तर मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. पॅरासिटामॉल गुडघ्याच्या झिजेवर फार जोरकस नाही, हेही खरं. पण किडनीच्या रक्तपुरवठ्याला ते तसं हात लावत नाही.

दुसरं, डायक्लोफेनॅकचं जेल. दुखऱ्या गुडघ्यावर लावल्यावर रक्तात जाणारं प्रमाण गोळीच्या सहा टक्क्यांच्या आसपास राहतं. रोज नेमानं लावावं लागतं. किडनीचा आजार आधीच जास्त असेल, तर जेलही डॉक्टरांना विचारूनच.

तिसरा उपाय लोक सर्वात हलक्यात घेतात, पण झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार त्याचाच. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचा. खुर्चीवर बसून एक पाय हळूहळू सरळ करायचा, पाच सेकंद तसाच धरायचा, खाली आणायचा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. दिवसातून दोन-तीनदा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात सोडू नये. त्यासोबत उंच कमोड, जमिनीवर मांडी घालून बसणं टाळणं, गरम पाण्याची पिशवी आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. एवढ्यानंही भागलं नाही आणि दुखण्याची जोरकस गोळी लागलीच, तर डॉक्टरांना सोबतच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवून, ठरावीक दिवसांपुरती.

उलट्या, जुलाब किंवा कडक ताप असेल आणि पाणी पोटात ठरत नसेल, त्या दिवशी दुखण्याची गोळी अजिबात नको. बीपीची, लघवीची आणि मधुमेहाची गोळी त्या दिवशी घ्यावी की थांबवावी, हे फोन करून डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करून नंतर विसरून जाणं हेही धोक्याचंच. बारा तास लघवी झाली नाही, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

साठी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या आणि महिन्यातून अनेकदा दुखण्याची गोळी लागणाऱ्या माणसानं वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन, पण ईजीएफआरचा आकडा मागून घेऊन, आणि सकाळच्या लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर. ईजीएफआर 60 च्या खाली किंवा गुणोत्तर 30 च्या वर आलं, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बीपीच्या गोळ्यांच्या डब्यातच ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गुडघ्याची गोळी मागताना तो सोबत नेता येईल.