कुलकर्णी दप्तरातली मोडी

गावचे जुने कागद बहुधा कुलकर्ण्याच्या वाड्यात सापडतात. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपली, पण रुमालात बांधलेली दप्तरे अनेक घरांत तशीच राहिली. गावातल्या वाचनालयाने किंवा एखाद्या मंडळाने ती गोळा केली, की एखादा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी ती लावायला बसते. अक्षर मराठीच असते, पण मोडीत. पहिले काही दिवस त्यातले एक वाक्यही लागत नाही.

याचे कारण लिहिण्याच्या पद्धतीत आहे. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही. काना काढून लेखणी थेट पुढच्या अक्षरात शिरते आणि ‘र’ शेजाऱ्याला चिकटला की ओळखू येत नाही. त्यात संक्षेपांची भर: ‘परगणे’ ऐवजी नुसते ‘पा’, ‘तर्फ’ ऐवजी ‘ता’.

म्हणून शिकणारा आधी वाचत नाही, लिहितो. बाराखडी बोरूने किंवा जाड निबाने पुन्हा पुन्हा गिरवली की अक्षर कुठून सुरू होते आणि कुठे वळते हे हाताला कळते, आणि कागदावरच्या गुंत्यातही ते वळण डोळ्याला सापडू लागते. पहिले कागद एकोणिसाव्या शतकातले घ्यावेत, कारण ते तुलनेने सुटे लिहिलेले असतात, पेशवाईतले नंतर. साचा ठरलेले कागद सगळ्यात सोपे. महजरात किंवा खरेदीखतात गाव, परगणा, माणसांची नावे, साल ठरावीक जागी येतात, त्यामुळे ‘समस्त दहीजन’ किंवा ‘जाणिजे’ असा एक शब्द पक्का लागला की त्यातली अक्षरे शेजारचे शब्द उलगडायला उपयोगी पडतात.

साल लावणे ही स्वतंत्र विद्या आहे. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो, आधी एकक, मग दशक, शतक आणि हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जाताना बदलते. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पौषातला जानेवारीत लिहिलेला कागद असेल तर १७६१ येते, म्हणजे पानिपतचाच हिवाळा. इथे नवशिका हमखास अडखळतो, कारण ‘सीत’ म्हणजे सहा आणि ‘सितैन’ म्हणजे साठ, ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर; शेवटचा फराटा हुकला की साल फसते. पण चूक पकडता येते. कागदावर शके १६८२ आणि विक्रम संवत्सर असेल तर ते ११६१ शी जुळलेच पाहिजे. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी परत येते, म्हणून एका आयुष्याच्या मर्यादेत ते चांगली साक्ष देते.

हिशेबाच्या कागदांत तर चूक स्वतःच बोलते. पाव, अर्धा आणि पाऊण यांसाठी आकड्यापुढे एक, दोन आणि तीन उभ्या रेघा काढत. समजा, एका यादीत ४॥।, २। आणि १॥ रुपये अशा तीन रकमा आहेत आणि खाली बेरीज ८॥ आहे. दुसऱ्या रकमेतली रेघ एकाचा आकडा समजून कोणी २१ वाचले, तर बेरीज सत्तावीसच्या पुढे जाते. रेघ पाव म्हणून घेतली की पावणेपाच, सव्वादोन आणि दीड मिळून बरोबर साडेआठ येतात. अक्षरांच्या बाबतीत असा पुरावा क्वचितच हाती लागतो. म्हणून जमाखर्चाचे कागद शिकायला फार चांगले, आणि रोजकीर्द चाळताना एका कारकुनाचे आकडे ओळखीचे झाले की त्याचे अक्षरही लागू लागते.

सवय वाढते तसा एक नवा धोका येतो, तो म्हणजे ओळखीचा शब्द न वाचताच भरून टाकण्याचा. कसरीने खाल्लेल्या जागी ‘पाटील’ असावे असे वाटते आणि तसे लिहिले जाते. चांगले लिप्यंतर ओळीला ओळ ठेवते, न लागलेल्या जागी टिंबे देते आणि अंदाज कंसात टाकते. नावांच्या बाबतीत ही शिस्त सर्वांत कडक हवी. २०२३ मध्ये मराठा समाजासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रभर मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. अशा नोंदीतला एक तर्काने भरलेला शब्द एखाद्या घराण्याचा दावा उभा करू शकतो किंवा पाडू शकतो. त्यामुळे असा कागद दुसऱ्या जाणकाराने पहिले लिप्यंतर न पाहता वाचायचा, मग दोन्ही वाचने ओळीगणिक ताडायची आणि जिथे मतभेद राहील तिथे दोन्ही पाठ नोंदवायचे.